काळे आणि काले

इंजिनिअरिंगच्या पदवीवर माझं नाव दोनदा छापलेलं आहे. एकदा इंग्रजीत, एकदा मराठीत. महाराष्ट्रातल्या बऱ्याच विद्यापीठांच्या पदव्या अशाच असतात. वरच्या अर्ध्या भागात मराठी मजकूर, खालच्या अर्ध्यात तोच इंग्रजीत, तळाला कुलगुरूंची सही आणि विद्यापीठाचा शिक्का. बहुतेक मुलं फोटो काढून स्टेटसला टाकतात आणि कागद आईच्या कपाटात साड्यांखाली जातो. मराठी ओळ शेवटपर्यंत कुणी वाचत नाही. माझी वाचली गेली, कारण तिच्यात एक अक्षर चुकलं होतं आणि त्या अक्षरापायी माझं एमटेकचं अ‍ॅडमिशन टांगणीला लागलं होतं.

माझं आडनाव काळे. इंग्रजीत KALE. विद्यापीठाच्या परीक्षेचा फॉर्म इंग्रजी कॅपिटलमध्ये भरायचा असायचा आणि त्यावरून मराठी नाव कॉम्प्युटरच तयार करायचा. आता KALE या चार अक्षरांत काळे आहे, काले आहे, कळे आहे आणि कलेसुद्धा आहे. माणूस वाचताना अंदाज बांधतो, कारण त्याला गावात काळे माहीत असतात. प्रोग्रामला गाव नसतं. त्याला एल दिसला की तो ‘ल’ टाकतो. काही लिप्यंतर पद्धतींत ‘ळ’साठी कॅपिटल एल वापरतात, पण अख्खा फॉर्मच कॅपिटलमध्ये असेल तर ती सोयही संपली. ‘ण’ आणि ‘न’चंही तेच. त्यामुळे आमच्या बॅचमध्ये एक बाणाईत बानाईत झाला होता आणि मी काले.

युनिकोडमध्ये ही दोन अक्षरं शेजारीशेजारी राहतात. ही ओळ चालवून बघा:

```
print(hex(ord('ल')), hex(ord('ळ')))
# 0x932 0x933
```

फरक फक्त एकाचा. पण तो कागदावर उतरला की दुरुस्त करायला किती लोकांच्या सह्या लागतात, हे मला २०१९ मध्ये कळलं.

मी बीई २०१८ च्या उन्हाळ्यात झालो. कॉलेज विदर्भातलं, विद्यापीठही तिकडचंच. निकालानंतर प्रोव्हिजनल सर्टिफिकेट मिळालं. ‘हा विद्यार्थी पदवीस पात्र ठरला आहे’ एवढंच त्यात म्हटलेलं असतं. पदवी मिळाली असं ते म्हणत नाही. पदवी दीक्षान्त समारंभात दिली जाते, मग तुम्ही समोर हजर असा किंवा नसा. हजर नसलात तर ती कॉलेजात येते. माझी २०१९ च्या मार्चमध्ये आली. मी तेव्हा गेट देऊन निकालाची वाट बघत घरी बसलो होतो.

कॉलेजच्या ऑफिसातले काका रजिस्टर पुढे सरकवणार तेवढ्यात थांबले. चष्मा वर करून म्हणाले, “तुमी काळे ना? हे तर काले हाय.” मग त्यांनी पदवी परत लिफाफ्यात घातली. “आताच दुरुस्तीला पाठवा. एकदा सही करून नेली का उद्या कोणी विचारन, काळे कोण अन् काले कोण, मंग राजपत्रात नाव छापून आणा म्हनन.” काकांचं बरोबर होतं. नावदुरुस्तीचा अर्ज भरला, चलान भरलं, पुरावा म्हणून जिल्हा परिषदेच्या शाळेचा सोडल्याचा दाखला जोडला. तो मराठीत असतो आणि त्यावर गुरुजींच्या हातचं स्वच्छ ‘काळे’ होतं. चुकलेली मूळ पदवी अर्जासोबत जमा करावी लागते, कारण एका माणसाच्या एकाच पदवीचे दोन कागद बाहेर फिरू द्यायचे नसतात. ती दिली. अर्जाच्या पोचपावतीवर आवक क्रमांक पडला. आता माझ्याकडे पदवी म्हणून फक्त तो क्रमांक होता.

जुलैमध्ये मुंबईतल्या एका संस्थेत गेटच्या मार्कांवर एमटेकला नंबर लागला. कागदपत्रं तपासताना त्यांनी प्रोव्हिजनल उलटसुलट पाहिलं. त्यावरच छापलं होतं, सहा महिन्यांसाठी ग्राह्य. ती मुदत केव्हाच संपलेली. मग माझ्याकडून हमीपत्र लिहून घेतलं: मूळ पदवी सोमवार, ३० सप्टेंबर २०१९, संध्याकाळी पाचपर्यंत सादर करीन, न केल्यास प्रवेश रद्द समजावा. तोवर स्टायपेंडही थांबवलेला. गेटवाल्या एमटेकच्या मुलांना तेव्हा महिन्याला १२,४०० रुपये मिळायचे. माझं सगळं गणित त्याच्यावर होतं. ऑगस्टची मेस बाबांनी दिली, सप्टेंबरची मूग विकून दिली. सोयाबीन अजून उभं होतं आणि पाऊस थांबायचं नाव घेत नव्हता.

मी दर दोन दिवसांनी विद्यापीठात फोन करायचो. उत्तरांवरून फाईल कुठे आहे ते कळायचं. ‘पडताळणीत आहे’ म्हणजे माझा दाखला कुणीतरी जुन्या नोंदीशी जुळवून बघतंय. ‘छपाईला आहे’ म्हणजे माझ्यासारखे आणखी काही जमेपर्यंत थांबायचं, कारण एका पदवीसाठी कुणी तो खास कागद मशीनला लावत नाही. आणि ‘सहीला गेलंय’ म्हणजे काहीही. सहीला गेलेली फाईल दोन तासांत येते किंवा दोन आठवड्यांत.

गुरुवारी, २६ सप्टेंबरला दुपारी पलीकडच्या बाई म्हणाल्या, “सही होऊन आली.”

“पोस्टानं पाठवाल का?”

“पाठवू ना. पंधरा दिवस धरा.”

“बाबांना अधिकारपत्र देऊन पाठवलं तर?”

“साध्या पदवीला चालतं. दुरुस्तीच्या पदवीला विद्यार्थी स्वतः लागतो. नाव वाचून, बरोबर आहे म्हणून रजिस्टरला सही करावी लागते.”

फोन ठेवला आणि कॅलेंडर उघडलं. ३० तारीख सोमवार. रविवारी सुट्टी, शिवाय घटस्थापना. त्याआधीचा २८ चा शनिवार महिन्यातला चौथा आणि तेव्हा दुसऱ्या-चौथ्या शनिवारी ऑफिसं बंद असायची. म्हणजे हातात एकच दिवस होता, शुक्रवार, २७ सप्टेंबर. आणि दुपारचे दोन वाजले होते.

विदर्भ एक्सप्रेस संध्याकाळी सीएसएमटीहून सुटते. रिझर्व्हेशन मिळण्याचा प्रश्नच नव्हता. जनरलचं तिकीट काढलं आणि तासभर आधी प्लॅटफॉर्मवर जाऊन उभा राहिलो. दाराजवळ संडासाच्या बाजूला बॅग ठेवण्यापुरती जागा मिळाली. सोबत होतं ते एवढंच: आधार कार्ड, पोचपावती, भरलेल्या चलानची प्रत, शाळेचा दाखला आणि हमीपत्राची झेरॉक्स. हमीपत्र घ्यायला मला हॉस्टेलमधल्या एका सीनियरने सांगितलं होतं. ‘अर्जंट आहे’ असं तोंडी सांगणारे खिडकीवर दिवसाला पन्नास येतात, तारीख छापलेला कागद घेऊन येणारा एखादाच असतो, असं त्याचं म्हणणं.

कसाऱ्याला गाडी थांबली. तिथे घाट चढायला मागून ढकलणारी इंजिनं लावतात, त्यामुळे ती थांबतेच. पण त्या रात्री बाहेर पाऊस कोसळत होता आणि थांबा लांबत गेला. मी मनातल्या मनात उरलेले तास मोजत होतो. पहाटे उतरायचं, पुढे दीड तास एसटी, साडेदहाला ऑफिस उघडतं. म्हणजे गाडी तीन तास उशिरा गेली तरी चालणार होतं. तेवढ्यात मागून धक्का बसला आणि डबा हलला. शेजारचे एक काका शेगावला निघाले होते. त्यांनी पोळीत गुंडाळलेली बटाट्याची भाजी दिली. इगतपुरीनंतर मी बसल्या जागी झोपलो. भुसावळला चहावाल्याच्या आरोळीने जाग आली, तेव्हा गाडीने बराचसा उशीर भरून काढला होता.

एसटी स्टँडवर बाबा उभे होते. मी त्यांना येऊ नका म्हणालो होतो.

“काहून आले तुम्ही?”

“तुया डब्बा आनला,” ते म्हणाले. मग थोड्या वेळाने, “आई म्हने पितृपक्षात नवं काई घरी आनू नये. मी म्हनलं हे नवं थोडीच हाय, एक डाव येऊन गेलेलं हाय.”

विद्यापीठात साडेदहाला पोचलो. फोनवरच्या बाई खिडकीवर भेटल्या. पोचपावतीवरचा आवक क्रमांक त्यांनी रजिस्टरमध्ये शोधला, बोट ठेवलं आणि म्हणाल्या, “हो, आलेली आहे. पण भाऊ इलेक्शन ट्रेनिंगला गेलेत.”

विधानसभेची निवडणूक नुकतीच जाहीर झाली होती. भाऊ म्हणजे पदव्यांचं कपाट ज्यांच्या ताब्यात असतं ते लिपिक. छापून, सही होऊन आलेल्या पदव्या लोखंडी कपाटात असतात, त्याची किल्ली एकाच माणसाकडे असते आणि आत काय आहे त्याला तोच जबाबदार असतो. त्याच्या गैरहजेरीत दुसऱ्याने कपाट उघडायचं नाही. ऐकताना डोकं फिरलं होतं. आता मी नोकरीत प्रॉडक्शन सर्व्हरचे पासवर्ड सांभाळतो आणि आमच्याकडेही नेमका हाच नियम आहे.

बाबा बाकावर बसून राहिले. मी हमीपत्राची झेरॉक्स घेऊन अधीक्षकांकडे गेलो. त्यांनी ती पूर्ण वाचली, ‘प्रवेश रद्द समजावा’ या शब्दांवर पेन टेकवलं आणि समोरच भाऊंना फोन लावला. ट्रेनिंग चारला सुटणार होतं. “चारला इथे या, मुलगा मुंबईहून आलाय,” एवढं बोलून त्यांनी फोन ठेवला.

खिडकीवरच्या बाईंनी मला परत बोलावलं. “दुरुस्तीच्या प्रतीची फी भरली का?” मी चलान दाखवलं. “हे अर्जाचं. प्रतीचं वेगळं. आत्ता भरा, कॅश काउंटर दोनला बंद होतो. भाऊ चारला आले आणि पावती नसली तर कपाट उघडूनही उपयोग नाही.” त्यांनी स्वतःहून विचारलं नसतं, तर मी चार वाजेपर्यंत बाकावर किल्लीची वाट बघत बसलो असतो आणि किल्ली आल्यावर पावतीवाचून अडलो असतो. कुठल्या कामाच्या आधी कुठलं काम हे कुठल्याच पाटीवर लिहिलेलं नसतं. ते खिडकीमागच्या माणसाला माहीत असतं.

पावती घेऊन आम्ही डबा उघडला. ज्वारीची भाकरी, ठेचा, मुगाची उसळ. बाबा म्हणाले, “मूग सगळा नाई विकला.”

भाऊ चार वाजून वीस मिनिटांनी आले, निवडणुकीचं पुस्तक काखेत धरून. कपाट उघडलं, गठ्ठ्यातून एक लिफाफा काढला आणि आतून दोन कागद बाहेर आले. एक जुना, ‘काले’ असलेला. त्यावर तिरपा लाल शिक्का होता: रद्द. तो फाईललाच राहणार होता. दुसरा नवा. भाऊंनी तो टेबलावर सरळ केला आणि म्हणाले, “वाचा. मोठ्यानं वाचा. दोन्ही भाषेत.”

इंग्रजी मी भरभर वाचलं. ते आधीही बरोबरच होतं. मराठीवर आलो तेव्हा बाबा बाकावरून उठून माझ्यामागे येऊन उभे राहिले होते. बाबा सातवीपर्यंत शिकलेले. इंग्रजी त्यांना येत नाही. माझ्या चार वर्षांच्या मार्कशीट, गेटचं स्कोअरकार्ड, अ‍ॅडमिशनचं पत्र, यातलं एकही त्यांनी कधी वाचलं नव्हतं. वाचता येईल असं त्यांत काही नव्हतंच. त्यांनी वाकून ओळीवर बोट धरलं, कागदाला न टेकवता, आणि माझ्या आधी माझं नाव, मग त्यांचं नाव, मग आडनाव वाचलं. काळे. मग पुढची ओळही वाचली. अभियांत्रिकी स्नातक. “स्नातक म्हंजे?” त्यांनी विचारलं. भाऊच म्हणाले, “पदवीधर, काका.”

मी रजिस्टरवर सही केली. नाव, आवक क्रमांक, पदवीचा अनुक्रमांक, तारीख, ‘नाव वाचून पाहिले, बरोबर आहे’. भाऊंनी कागद देताना एकच सूचना केली. “लॅमिनेशन करू नका. लोक करतात अन् मग रडतात. पुढंमागं बाहेरदेशी जायचं झालं तर याच्या मागं शिक्के बसतात. प्लॅस्टिकवर ते बसत नाहीत, अन् प्लॅस्टिक काढायला गेलं का कागद फाटतो.”

पदवीचा कागद एफोरपेक्षा थोडा मोठा होता. माझ्या फाईलमध्ये मावेना. घडी घालायची नाही, गुंडाळला तर छपाईवर सुरकुती येईल, बाहेर पाऊस. भाऊंनी जुन्या रजिस्टरचे दोन पुठ्ठे दिले, त्यांच्यामध्ये कागद ठेवला. बाबांनी पिशवीतून एक जाड पांढरं प्लॅस्टिक काढलं. खताच्या गोणीच्या आतलं, धुऊन वाळवलेलं. ते त्यासाठीच घेऊन आले होते. दोन्ही बाजूंनी गुंडाळून सुतळीने बांधलं. मग ते गावाकडच्या एसटीत बसले आणि मी स्टेशनकडे जाणाऱ्या. परतीच्या गाडीत मी रात्रभर ते पुठ्ठे पाठ आणि बॅग यांच्यामध्ये धरून बसलो. शनिवारी सकाळी मुंबईत उतरलो, तेव्हा बॅग चिंब होती आणि कागद कोरडा.

लोक विचारतात, हे सगळं आता डिजिलॉकरमध्ये होतं ना? होतं. तिथून जारी झालेला कागद नियमाने मूळ कागदाच्या बरोबरीचा धरला जातो, आणि तुमची पदवी तिथे असेल तर रात्रभर दारात बसायची गरज नाही. माझ्या वर्षाची पदवी तेव्हा तिथे नव्हती. पण असती तर? ती त्याच डेटाबेसमधून आली असती ज्यात मी काले होतो. कागद चुकला की निदान कपाट उघडणाऱ्या माणसाच्या नजरेला पडतो. नोंदच चुकलेली असली तर तिची डिजिटल प्रत तीच चूक घेऊन निमूटपणे सगळीकडे पोचते. तेव्हा तुमच्या पदवीची पीडीएफ उघडलीत तर मराठी ओळ एकदा वाचा. आडनावात ळ किंवा ण असेल तर दोनदा. आणि चूक दिसली तर कुणी मूळ पदवी मागायच्या आत अर्ज करा, कारण अर्ज केल्यापासून ती परत मिळेपर्यंत तुमच्याकडे काहीच नसतं. माझे त्यात सहा महिने गेले.

सोमवारी सकाळी दहाला मी संस्थेच्या ऑफिसात पहिला होतो. टेबलामागच्या मॅडम दक्षिणेकडच्या होत्या, हिंदीही बेताचीच. सुतळी सोडली, प्लॅस्टिक उलगडलं, पुठ्ठे बाजूला केले. त्यांनी स्क्रीनवरचं नाव बघितलं, मग पदवीवरची इंग्रजी ओळ, परत स्क्रीन. शिक्का कुठे आहे ते पाहिलं. स्कॅन केलं. माझ्या नावापुढच्या चौकटीत टिक केलं आणि म्हणाल्या की स्टायपेंड पुढच्या महिन्यात थकबाकीसकट येईल. सगळं मिळून दीड मिनिट लागलं असेल. मराठी ओळीवर त्यांची नजर गेली नाही. जाण्याचं कारणही नव्हतं, त्यांना ती लिपी वाचता येत नव्हती. ती ओळ ज्याला वाचायची होती त्याने शुक्रवारीच वाचली होती.